बँकेच्या अ‍ॅपमध्ये उत्तराऐवजी à¤, à¥ अशी चिन्हं: अ‍ॅप पुन्हा टाकूनही परत येणारी तक्रार

ही तक्रार आमच्याकडे अधूनमधून येतच राहायची. ग्राहक वेगळा, महिना वेगळा, मजकूर साधारण तोच: अ‍ॅपमध्ये बँकेचं उत्तर आलंय, पण ते वाचता येत नाही, नुसती चिन्हं दिसतात. दर वेळी सपोर्टकडून ठरलेला सल्ला जायचा, ग्राहक ‘आता दिसतंय’ म्हणायचा आणि तिकीट बंद व्हायचं. शेवटी छडा लागला तो एका ग्राहकाच्या ईमेलमुळे. माणूस वैतागलेला होता, पण वैतागासोबत त्याने निरीक्षणंही पाठवली होती. खात्याचा तपशील काढून तो ईमेल इथे देतो.

> विषय: अ‍ॅपमधील उत्तरे वाचता येत नाहीत, पुन्हा तक्रार
>
> महोदय,
>
> माझ्या कार्डावरील एका नाकारलेल्या व्यवहाराबद्दल मी अ‍ॅपमधील ‘संदेश’ विभागातून विचारणा केली होती. आपले उत्तर आले, पण त्यातील तारीख आणि संदर्भ क्रमांक सोडल्यास बाकी सगळी विचित्र चिन्हेच आहेत. स्क्रीनशॉट जोडला आहे.
>
> याआधीही मला अ‍ॅप काढून पुन्हा टाकण्यास सांगण्यात आले होते. तसे केल्यावर ते उत्तर वाचता आले, पण त्यापुढचे उत्तर परत तसेच आले. आमचे खाते संयुक्त आहे. हेच उत्तर माझ्या पत्नीच्या फोनवर व्यवस्थित मराठीत दिसते आणि दोन्ही फोन एकाच बनावटीचे आहेत. आपल्याकडून इंग्रजीत आलेली उत्तरे मला नेहमीच नीट दिसतात.
>
> दोष माझ्या फोनचा असेल तर तसे लेखी कळवावे. नसेल तर कृपया पुन्हा अ‍ॅप काढायला सांगू नये.
>
> आपला,
> एक खातेदार

शेवटचं वाक्य वाचून सपोर्टमधल्या मुलांना हसू आलं खरं, पण सगळ्यात कामाची माहिती त्याच्या आधीच्या परिच्छेदात आहे. तेच उत्तर एका फोनवर बरोबर दिसतं आणि दुसऱ्यावर बिघडलेलं. अ‍ॅप पुन्हा टाकलं की बिघडलेलं उत्तर सुधारतं, पण पुढचं उत्तर बिघडू शकतं. इंग्रजी कधीच बिघडत नाही. या तीन गोष्टी एकत्र ठेवल्या की संशयित फार उरत नाहीत.

आधी चिन्हं कोणती आहेत ते बघा

‘विचित्र चिन्हं’ या दोन शब्दांत किमान चार वेगवेगळे आजार येतात आणि प्रत्येकाचा उपाय निराळा आहे. त्यामुळे तिकिटावर ‘मजकूर नीट दिसत नाही’ एवढंच लिहून पुढे ढकलू नका. ग्राहकाकडून स्क्रीनशॉट मागवा, खातं क्रमांक झाकायला सांगा. त्याने ईमेलमध्ये कॉपी करून चिकटवलेला मजकूर पुरावा म्हणून धरू नका, कारण तो मजकूर ईमेलमधून आपल्या तिकीट प्रणालीत येताना आणखी एकदा बदललेला असू शकतो. आमच्याकडे जुन्या तिकिटांमध्ये नुसती `?????` होती. ती प्रश्नचिन्हं अ‍ॅपमधली नव्हतीच, आमच्या तिकीट प्रणालीने स्वतः केलेली होती, आणि त्यामुळे तपास करणारा प्रत्येक जण भलत्याच दिशेने गेला होता.

स्क्रीनशॉटमध्ये अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसत असतील, तर मजकूर बरोबर पोचलाय पण फोनकडे त्या अक्षराचा फॉन्ट नाही. ‘दोष फोनचा’ असं प्रामाणिकपणे म्हणता येतं ते या एकाच प्रकारात, आणि तोही आता क्वचितच भेटतो.

प्रत्येक अक्षराच्या जागी एक प्रश्नचिन्ह असेल, तर मजकूर लिहिताना तो अशा साच्यात कोंबला गेलाय की ज्यात देवनागरीला जागाच नाही. लिहिणाऱ्या प्रोग्रॅमला अक्षर बसवता आलं नाही, म्हणून त्याने `?` ठेवलं. हे परत फिरवता येत नाही. मूळ मजकूर दुसरीकडे कुठे शिल्लक असला तरच वाचलात.

काळ्या चौकटीत प्रश्नचिन्ह, म्हणजे `�`, आणि तेही एका अक्षरामागे तीन-तीन, असं दिसलं तर वाचणारा प्रोग्रॅम फक्त इंग्रजी अक्षरं ओळखणारं कोष्टक लावून बसला होता. लिनक्सच्या कंटेनरमध्ये भाषेची सेटिंग ठेवायची राहिली आणि जावा जुनी असली की हा प्रकार हमखास होतो.

आणि चौथा प्रकार आपल्या ग्राहकाचा: `à¤` आणि `à¥` यांची माळ. स्क्रीनशॉटमध्ये ‘बँक’ या शब्दाच्या जागी हे होतं:

```
à¤¬à¤�à¤•
```

एकाच शब्दात सगळा पुरावा

हा शब्द सावकाश उलगडून बघण्यासारखा आहे.

युनिकोडमध्ये देवनागरीला `U+0900` ते `U+097F` हा पट्टा दिलेला आहे. `UTF-8` मध्ये साठवताना यातल्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. पहिला बाइट कायम `E0`, दुसरा `A4` किंवा `A5`, आणि तिसऱ्यावरून कळतं की चिन्ह नेमकं कोणतं. ‘बँक’ मध्ये तीन चिन्हं आहेत: ब, चंद्रबिंदू आणि क.

```
ब    E0 A4 AC
ँ    E0 A4 81
क    E0 A4 95
```

आता हे नऊ बाइट कोणी `Windows-1252` या जुन्या पाश्चात्त्य कोष्टकाने वाचले, तर तो प्रत्येक बाइटला एक स्वतंत्र अक्षर समजतो. त्या कोष्टकात `E0` म्हणजे `à`, `A4` म्हणजे `¤` आणि `A5` म्हणजे `¥`. म्हणून कोणतंही मराठी वाक्य या प्रकारे बिघडलं की `à¤` आणि `à¥` यांची रांग लागते. इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडे दोन्ही कोष्टकांत एकाच बाइटने लिहिले जातात, म्हणून तारीख आणि संदर्भ क्रमांक शाबूत राहतात. ग्राहकाने नेमकं हेच लिहिलं होतं.

पुढे बघा. `95` म्हणजे `•`, तो ठिपका क च्या जागी आलाय. हा ठिपका महत्त्वाचा आहे. `ISO-8859-1` नावाचं दुसरं कोष्टक `Windows-1252` सारखंच दिसतं आणि दोघांत कायम गल्लत होते, पण `ISO-8859-1` मध्ये `80` ते `9F` या जागी छापता येणारी अक्षरंच नाहीत. त्या कोष्टकाने वाचलं असतं तर क च्या जागी नुसतं `à¤` दिसलं असतं, पुढे काही नाही. ठिपका दिसतोय म्हणजे वाचणारा `Windows-1252` वापरत होता, आणि सर्व्हरवर हे कोष्टक आपोआप लागू होत असेल तर ते बहुधा इंग्रजी विंडोज मशीन असणार. फक्त स्क्रीनशॉटवरून आपण इथपर्यंत आलो.

मधलं `�` आणखी एक गोष्ट सांगतं. `Windows-1252` मध्ये पाच जागा रिकाम्या आहेत: `81`, `8D`, `8F`, `90` आणि `9D`. चंद्रबिंदूचा शेवटचा बाइट `81`, म्हणजे नेमकी रिकामी जागा. ब्राउझर अशा ठिकाणी बाइट अदृश्य रूपात तसाच पुढे नेतो. जावा मात्र तिथे `�` ठेवते आणि मूळ बाइट टाकून देते. आमचा बॅकएंड जावामध्ये आहे. त्यामुळे बिघाड फोनवर न होता सर्व्हरवर होतोय, याबद्दल आता फारशी शंका उरली नव्हती.

या रिकाम्या जागा मराठीला फार महागात पडतात. ए, ऐ, झ आणि चंद्रबिंदू तर त्यात सापडतातच, पण पायमोडक्याचा हलन्त (`E0 A5 8D`) आणि पहिला उकार (`E0 A5 81`) हेसुद्धा तिथेच पडतात. हलन्ताशिवाय मराठीचं एक वाक्य लिहून दाखवा म्हटलं तर पंचाईत होईल. हे लक्षात ठेवा, दुरुस्तीच्या वेळी याच्याशी पुन्हा गाठ पडणार आहे.

बिघाड नेमका कोणत्या टप्प्यावर

ग्राहकाला दिलेलं उत्तर आमच्याकडे असा प्रवास करतं: सपोर्टचा माणूस त्याच्या पडद्यावर टाइप करतो, ते डेटाबेसमध्ये साठतं, तिथून बॅकएंडच्या चार सर्व्हरांपैकी कोणीतरी एक ते उचलून फोनला देतो, आणि अ‍ॅप ते फोनमध्ये साठवून दाखवतं. प्रत्येक टप्प्यावर मजकूर डोळ्यांनी बघायचा नाही, बाइट बघायचे. डोळ्यांना दिसतो तो मजकूर बघण्याच्या साधनानेही बदललेला असू शकतो. डेटाबेस दाखवणाऱ्या कितीतरी खिडक्या स्वतःच चुकीचं कोष्टक लावतात आणि निर्दोष नोंदीवर आळ येतो.

सुरुवात डेटाबेसपासून. आमचा ओरॅकल आहे. तिथे `DUMP` नावाचं साधन आहे, त्याला `1016` दिलं की बाइट षोडशमान अंकांत आणि सोबत कोष्टकाचं नाव मिळतं. चाचणीसाठी फक्त ‘बँक’ एवढाच शब्द असलेलं एक उत्तर तयार केलं आणि विचारलं:

```sql
SELECT DUMP(body, 1016) FROM replies WHERE id = 4711;

Typ=1 Len=9 CharacterSet=AL32UTF8: e0,a4,ac,e0,a4,81,e0,a4,95
```

नऊ बाइट, वर दिलेलेच. डेटाबेस निर्दोष. मायएसक्यूएल असेल तर `HEX(body)` हेच काम करतं. इथेच `c3,a0,c2,a4` अशी सुरुवात दिसली असती तर बिघाड साठवतानाच झालाय असं ठरलं असतं, आणि `3f` दिसलं असतं तर ती प्रश्नचिन्हं.

पुढचा टप्पा बॅकएंडचे चार सर्व्हर. इथे एक पथ्य पाळावं लागतं: लोड बॅलन्सरच्या सार्वजनिक पत्त्यावर चाचणी करायची नाही. तो दर वेळी वाटेल त्या सर्व्हरकडे पाठवतो, तुम्हाला बरोबर उत्तर मिळतं आणि तुम्ही ‘आमच्याकडे तर नीट दिसतंय’ असं लिहून मोकळे होता. प्रत्येक सर्व्हरला त्याच्या स्वतःच्या पत्त्यावर वेगळं विचारायचं. आम्ही चाचणी खातं वापरून चौघांना तेच उत्तर मागितलं:

```
curl -s -H "Authorization: Bearer $TOKEN" \
  http://app-node-3:8080/messages/4711/body | xxd -p
```

तिघांनी `e0a4ace0a481e0a495` दिलं. तिसऱ्या क्रमांकाच्या सर्व्हरने हे दिलं:

```
c3a0c2a4c2acc3a0c2a4efbfbdc3a0c2a4e280a2
```

नवाचे वीस बाइट झाले. `c3a0` म्हणजे `UTF-8` मध्ये लिहिलेला `à`, `c2a4` म्हणजे `¤`, `efbfbd` म्हणजे ते `�`, आणि शेवटचा `e280a2` म्हणजे ठिपका. सर्व्हरने बाइट `Windows-1252` समजून वाचले आणि जे काही हाती आलं ते पुन्हा इमानेइतबारे `UTF-8` मध्ये लिहून फोनला पाठवलं. फोन बिचारा अगदी बरोबर वाचत होता.

ग्राहकाचं कोडंही इथेच सुटलं. त्याच्या फोनला उत्तर मिळालं तिसऱ्या सर्व्हरकडून, पत्नीच्या फोनला उरलेल्या तिघांपैकी एकाकडून. अ‍ॅप एकदा आणलेलं उत्तर फोनमध्ये साठवून ठेवतं आणि पुन्हा मागत नाही, म्हणून बिघडलेलं ते बिघडलेलंच राहतं. अ‍ॅप काढून टाकलं की साठवण पुसली जाते, उत्तर नव्याने मागितलं जातं, आणि चारांपैकी तीन वेळा ते चांगल्या सर्व्हरकडून येतं. म्हणजे आमचा ठरलेला सल्ला बहुतेक वेळा ‘लागू’ पडत होता, म्हणूनच तिकीट बंद होत होतं, आणि म्हणूनच मूळ कारणापर्यंत कोणी पोचत नव्हतं. उपाय अजिबात लागू पडला नसता तर कदाचित पहिल्याच महिन्यात शोध लागला असता.

तिसऱ्या सर्व्हरवर काय वेगळं होतं

कोड चौघांवर एकच. त्यात दोषी ओळ ही:

```java
String body = new String(bytes);
```

इथे बाइट कोणत्या कोष्टकाने वाचायचे ते सांगितलेलं नाही. जावा १७ पर्यंत अशा वेळी जावा यंत्रणेच्या सेटिंगवरून ठरवते. इंग्रजी विंडोजवर ते `Cp1252`, नीट बसवलेल्या लिनक्सवर `UTF-8`. मार्च २०२२ मध्ये आलेल्या जावा १८ पासून कुठल्याही मशीनवर न सांगता `UTF-8` धरलं जातं, पण बँकांमध्ये जुन्या आवृत्त्या वर्षानुवर्षं चालतात आणि आमच्याकडे जावा ११ होती.

चारही मशीन विंडोजची होती. मग बाकीचे तीन बरोबर का? कारण कधीतरी पूर्वी हाच त्रास झाला तेव्हा कोणीतरी त्यांच्या सुरू करण्याच्या स्क्रिप्टमध्ये `-Dfile.encoding=UTF-8` हे घातलं होतं. हाताने, त्या मशीनवर जाऊन. पुढे तिसरं मशीन बदललं गेलं, नव्यावर स्क्रिप्ट मूळ साच्यातून आली आणि त्यात ते कलम नव्हतं. एक मशीन बदललं की तक्रार परत, अशी ही गोष्ट.

चालू प्रोसेस खरोखर काय वापरतेय ते बघण्यासाठी `java -XshowSettings:properties -version` चालवू नका. तो आदेश नवी जावा सुरू करून तिची सेटिंग सांगतो, स्क्रिप्टमधून दिलेली सेटिंग त्याला माहीतच नसते. चालू प्रोसेसचा क्रमांक घेऊन तिलाच विचारा:

```
jcmd 5120 VM.system_properties
```

यात `file.encoding` ची ओळ शोधा. आमच्याकडे तीन ठिकाणी `UTF-8` आणि एका ठिकाणी `Cp1252` निघालं.

स्क्रिप्टमध्ये कलम घालणं ही मलमपट्टी म्हणून ठीक, आणि त्या दिवशी आम्ही तीच आधी केली, कारण तिला नवं रिलीज लागत नाही. पण खरी दुरुस्ती कोडमध्येच हवी:

```java
String body = new String(bytes, StandardCharsets.UTF_8);
```

हीच खोड `getBytes()`, `InputStreamReader` आणि `FileReader` यांनाही आहे. कोष्टक न सांगता वापरलेली प्रत्येक जागा शोधून काढा. एका ओळीत सापडलं म्हणजे बाकीच्या कोडमध्ये नसेल, असं मानायचं कारण नाही. आमच्याकडे तक्रारींना जोडलेल्या मजकूर फाइली वाचणाऱ्या भागात तेच निघालं, फक्त त्याबद्दल अजून कोणी ओरडलं नव्हतं.

बिघडून साठलेल्या जुन्या उत्तरांचं काय

इथे घाई केली की हात पोळतात. आमच्या बॅकएंडमध्ये फोनला पाठवलेल्या प्रत्येक उत्तराची एक प्रत इतिहासाच्या वेगळ्या तक्त्यात पडते. तिसऱ्या सर्व्हरने पाठवलेल्या प्रती तिथे बिघडलेल्या रूपात साठल्या होत्या. पहिला विचार कोणाच्याही मनात येतो तो असा: उलटी क्रिया करू, `Windows-1252` मध्ये लिहू आणि `UTF-8` म्हणून वाचू, की झालं. इंटरनेटवर अशा दोन ओळींच्या दुरुस्त्या भरपूर मिळतात आणि फ्रेंच किंवा जर्मन मजकुरावर त्या बऱ्याच वेळा चालतातही.

मराठीवर चालत नाहीत, त्या पाच रिकाम्या जागांमुळे. `à¤�` मागे मूळ काय होतं? चंद्रबिंदू असेल, ए असेल, ऐ असेल, झ असेल. `à¥�` मागे उकार होता की हलन्त? बाइट फेकला गेलाय, गणिताने तो परत येत नाही. ‘सुटी’ मधला उकार आणि ‘रस्ता’ मधला हलन्त दोघांचं बिघडलेलं रूप तंतोतंत एकच आहे. एखाद्या हुशार प्रोग्रॅमने शब्दकोश लावून अंदाज बांधला तरी बँकेने ग्राहकाला लेखी दिलेल्या उत्तराची प्रत अंदाजाने भरणं मला पटत नाही. ती प्रत उद्या वादात पुरावा म्हणून लागू शकते.

आमचं नशीब की मूळ उत्तरं डेटाबेसच्या पहिल्या तक्त्यात धडधाकट होती. म्हणून दुरुस्ती म्हणजे उलटी क्रिया न करता मूळ मजकूर पुन्हा उचलून इतिहासात घालणं. त्यातही सरसकट सगळ्या नोंदींवर हात फिरवला नाही. ज्या नोंदीत `C3A0C2A4` किंवा `C3A0C2A5` हा क्रम सापडतो तेवढ्याच निवडल्या, जुनी बिघडलेली प्रत बाजूला जपून ठेवली आणि मग बदल केला. चांगल्या नोंदींवर चुकून उलटी क्रिया चालवली तर त्या नव्याने बिघडतात, आणि मग कोणती मुळात चांगली होती हे सांगायला कोणी उरत नाही.

पुन्हा येऊ नये म्हणून काय बसवलं

लोड बॅलन्सर प्रत्येक सर्व्हरला ठरावीक वेळाने ‘जिवंत आहेस का’ असं विचारतोच. पूर्वी उत्तर `OK` आलं की पुरे होतं, आणि `OK` हे इंग्रजी असल्यामुळे ते कधीच बिघडणार नाही. आता त्या तपासणीत एक मराठी चाचणी उत्तर डेटाबेसमधून, नेहमीच्याच मार्गाने आणलं जातं आणि त्याचे बाइट ठरलेल्या बाइटांशी ताडून बघितले जातात. जुळले नाहीत तर तो सर्व्हर रांगेतून आपोआप बाहेर. नवं मशीन चुकीच्या सेटिंगने आलं तर ग्राहकापर्यंत पोचायच्या आधीच अडकतं.

चाचणीचं वाक्य निवडताना ‘नमस्कार’ वर भागवू नका, अडचणीची अक्षरं मुद्दाम घाला. आमचं वाक्य आहे: ‘ऐका, बँकेजवळच्या झाडाखाली एक कुत्रं बसलंय.’ वाङ्मयीन मूल्य शून्य, पण त्यात ऐ, चंद्रबिंदू, झ, ए, उकार आणि हलन्त सगळे येतात. आणि तुलनेसाठीचं वाक्य कोडमध्ये थेट देवनागरीत न लिहिता `\u0910\u0915\u093E` अशा रूपात लिहा. जुनी जावा कोडची फाइल वाचतानाही यंत्रणेचंच कोष्टक लावते, तेव्हा दोन्ही बाजू सारख्याच बिघडून चाचणी पास व्हायची शक्यता असते.

ग्राहकाला उत्तर

हे उत्तर अ‍ॅपमधून पाठवू नका. वाचायला गंमत वाटेल, पण या ग्राहकाच्या आधीच्या तक्रारीला दिलेलं दिलगिरीचं उत्तर अ‍ॅपमधूनच गेलं होतं आणि तेही चिन्हांत पोचलं होतं. आम्ही ईमेलने हे पाठवलं:

> महोदय,
>
> आपल्या फोनमध्ये कोणताही दोष नाही. आमच्या एका सर्व्हरवरील चुकीच्या सेटिंगमुळे मराठी उत्तरे बिघडून जात होती. आपण पत्नीच्या फोनशी केलेल्या तुलनेमुळे तो सर्व्हर शोधता आला. सर्व्हर दुरुस्त केला आहे.
>
> आपल्या व्यवहाराबद्दलचे मूळ उत्तर खाली पूर्ण दिले आहे. अ‍ॅपमध्ये साठलेली जुनी उत्तरे पुढील अपडेटनंतर आपोआप दुरुस्त होतील. अ‍ॅप काढण्याची गरज नाही.

शेवटच्या दोन वाक्यांसाठी एक काम करावं लागलं. सर्व्हर सुधारला तरी फोनमध्ये साठलेली बिघडलेली उत्तरं तशीच राहतात. ती बदलायची असतील तर अ‍ॅपच्या साठवणीचा आवृत्ती क्रमांक एकने वाढवायचा, म्हणजे अपडेट झाल्यावर अ‍ॅप जुनी उत्तरं टाकून देऊन सगळी नव्याने मागतं. अपडेट एकदम सगळ्यांना न देता टप्प्याटप्प्याने सोडा, नाहीतर सगळे फोन एकाच वेळी सर्व्हरवर तुटून पडतील. आणि ही पायरी राहिली तर दुरुस्तीनंतरही तक्रारी येत राहतात. त्या बघून कोणीतरी ‘उपाय चालला नाही’ म्हणून बरोबर केलेला कोड परत फिरवायला निघतं. म्हणून अशा नव्या तक्रारीत आधी उत्तराची तारीख बघा. दुरुस्तीच्या आधीची असेल तर ती फोनमधली जुनी साठवण आहे. नंतरची असेल तर चारही सर्व्हरांवर `curl` पुन्हा चालवा.